शंभराचा स्टँप आणि कोर्टातला कागद

(कासारवाडी येथील कायदा मार्गदर्शन बैठकीतील भाषण)



आपल्या भागात खोलीचा किंवा गाळ्याचा व्यवहार शंभराच्या स्टँपवर होतो, पैसे दिले जातात, ताबाही मिळतो. पुढे वाद झाला की समोरचा म्हणतो, ‘हा कागद बाद आहे.’ हे खरे आहे का?

उत्तर देणारा खटला शेजारच्या चिंचवडचाच आहे. गरवारे वॉल रोप्स कंपनीने ओडिशातील पेंथा गावी समुद्राची धूप रोखणाऱ्या बांधाचे काही काम दुसऱ्या कंपनीला दिले. वाद झाला. करारात लवादाचे कलम होते, पण मुद्रांक शुल्क भरलेले नव्हते. 10 एप्रिल 2019 रोजी सुप्रीम कोर्ट म्हणाले, आधी शुल्क आणि दंड भरा, मग लवाद नेमू. मात्र 13 डिसेंबर 2023 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बदलली. शुल्क नसलेला करार रद्द ठरत नाही, तो फक्त पुराव्यात घेता येत नाही, आणि हा दोष दुरुस्त होतो, असे पीठाने सांगितले. लवाद नेमता येतो. शुल्काचा प्रश्न लवाद पाहील.

दिवाणी कोर्टात दुरुस्ती कशी होते? महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 33 प्रमाणे न्यायाधीश असा दस्त अटकावून ठेवतात. कलम 34 प्रमाणे कमी पडलेले शुल्क आणि दंड भरला की तो पुराव्यात येतो. दंड दरमहा दोन टक्के, दस्तावर सही झाल्यापासून. पण कमी शुल्काच्या चौपटीहून जास्त नाही.

हिशेब करू. ताबा दिलेला विक्री करार कायद्याने खरेदीखतासारखा धरला जातो, म्हणून शुल्कही तेवढेच. समजा ते 60,100 रुपये होते आणि स्टँप शंभराचा. कमी पडले 60,000. अठरा महिन्यांचा दंड छत्तीस टक्के, म्हणजे 21,600. एकूण 81,600 रुपये. दहा वर्षे थांबलात तर नुसता दंड 1,44,000 होतो.

म्हणून वाद होण्याआधीच मूळ दस्त घेऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जा आणि शुल्क ठरवून घ्या. भरणा झाला की ते दस्तावर तसे प्रमाणित करतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. विरोधी पक्षाच्या अपुऱ्या शुल्काच्या कागदावरची हरकत तो पुराव्यात दाखल होतानाच घ्या. एकदा दाखल झाला की कलम 35 प्रमाणे त्या खटल्यात शुल्काची हरकत चालत नाही. आणि दंड भरल्याने शुल्काचा दोष जातो, नोंदणीचा नाही. खरेदीखत नोंदवलेले नसेल, तर नुसत्या स्टँपने मालकी मिळत नाही.

घरी गेल्यावर कपाटातला कागद काढा. त्यावरची तारीख आणि स्टँपची रक्कम पाहा.