विदुर धर्मराजाचा बाप होता का?



पेडणे-डिचोलीकडे महाभारतावर बोलणे निघाले की कोणीतरी आवाज खाली आणून म्हणतोच, ‘धर्मराज खरा विदुराचा मुलगा, बरं का!’ इरावती कर्वे यांनी १९६७ च्या ‘युगान्त’मध्ये ही शक्यता मांडली. त्यांनी ती शक्यता म्हणूनच मांडली होती. आपण लोकांनी तिचा निकाल करून टाकला. कथेतला पुरावा या तर्काला कितपत पेलतो, तेवढेच आज पाहू.

आधी पुरावा कोणत्या कथेतला, हे ठरवायला हवे. आपल्याकडच्या काल्यात संहिता नसते. बाकावर बसलेला दुर्योधन त्या रात्री सुचेल ते बोलतो आणि ते इतके झकास बोलतो की आपल्याला ते व्यासांचेच वाटते. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हा द्रौपदीचा टोमणा घ्या. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत, मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, जुळे भाऊ आणि नोकरचाकर. तिथे द्रौपदीचे ते वाक्य नाही. काल्यातला संवाद कमी प्रतीचा, असे मी म्हणत नाही. तो काल्याचा पुरावा आहे, एवढेच.

विदुराच्या बाजूचा पुरावा मात्र ग्रंथातलाच आहे आणि तो बळकट आहे. मांडव्य ऋषीच्या शापाने यमधर्म दासीच्या पोटी जन्मला, तोच विदुर. कुंतीने पांडूच्या सांगण्यावरून पहिल्यांदा बोलावला तो धर्मच. धाकट्या दिराकडून नियोग त्या समाजाला परका नव्हता. लाक्षागृहाची सूचना विदुर गूढ भाषेत युधिष्ठिरालाच देतो. पांडव वनवासात असताना कुंती विदुराच्याच घरी राहते. आणि आश्रमवासिक पर्वातला तो प्रसंग: हाडांचा सापळा झालेला, धुळीने माखलेला विदुर झाडाला टेकून उभा आहे, युधिष्ठिराकडे एकटक पाहतो आणि योगबळाने त्याच्या शरीरात शिरतो. मरताना बापाने आपली वाणी, प्राण, दृष्टी मुलाच्या स्वाधीन करायची, असा विधी कौषीतकी उपनिषदात आहे. हे वाचून अंगावर काटा येतो, हे खरे.

पण विचारायचे असे, की तर्क खोटा असता तर हे सगळे कथेत आले नसते का? आले असते. विदुर धर्माचा अवतार आणि युधिष्ठिर धर्माचा मुलगा, एवढे ग्रंथ उघड सांगतो. त्यातून जिव्हाळा, साम्य आणि अखेरचा देहप्रवेश आपोआप निघतो. त्या प्रसंगानंतर व्यास धृतराष्ट्राला हेच सांगतात, की धर्म तो विदुर आणि विदुर तोच पांडव. दोन्ही बाजूंना सारखा बसणारा पुरावा कितीही जमवला, तरी पारडे हलत नाही. त्यातून ही पाच-सहा कलमे सुटीही नाहीत. धर्म एक, या एकाच सूत्रातून त्यातली निम्मी येतात. ती वेगवेगळी मोजून आपण स्वतःलाच फसवतो.

तेव्हा दोन बाजूंना वेगळे करणारा पुरावा हवा. पांडवांचा जन्म शतशृंगावर झाला. विदुर हस्तिनापुरात होता आणि तो तिकडे गेल्याचा उल्लेख ग्रंथात नाही. यावर तर्कवाले म्हणतात, ‘लपवलेच असणार, दासीपुत्राच्या मुलाला राज्य कसे मिळाले असते?’ कारण पटण्यासारखे आहे. पण मग उल्लेख असला तरी पुरावा आणि नसला तरी पुरावा, असे होते. ज्या तर्काला कशानेच धक्का लागत नाही, त्याला कथेचा आधार आहे असे तरी कसे म्हणायचे?

उल्लेख नसणे कधी मोजायचे, तर जिथे बोलायला सगळी कारणे होती तिथे. शस्त्रपरीक्षेच्या रंगमंडपात भीम कर्णाला सूतपुत्र म्हणून हिणवतो, तेव्हा दुर्योधन उलट सुनावतो की तुमचे जन्म कसे झाले तेही आम्हाला ठाऊक आहे. म्हणजे जन्माची कुजबुज त्याच्या कानावर आहे. पुढे द्यूतसभेत तो विदुरावर तुटून पडतो, आमचे अन्न खाऊन शत्रूचे हित पाहतोस म्हणतो. संताप आहे, श्रोते आहेत, समोर विदुर आहे. ‘तुझाच मुलगा ना तो!’ हे वाक्य जिभेच्या टोकावर असायला हवे होते. ते येत नाही. माझ्या मते तर्काला सर्वांत जड जाणारी जागा हीच.

आणखी एक अडचण आहे. कुंतीने धर्माला बोलावले, त्याच मंत्राने कर्ण, भीम, अर्जुन जन्मले, माद्रीचे जुळेही. एका जन्मासाठी माणूस शोधायचा आणि बाकीचे देवांवर सोडायचे, याला कथेत काही कारण सापडत नाही. सहाही जन्मांना लागू पडेल असा तर्क कोणी मांडला, तर तो मी जास्त गंभीरपणे घेईन.

इरावतीबाईंनी विदुर-युधिष्ठिर ही जोडी नेमकी हेरली, यात मला शंका नाही. जोडी आहे, ती घट्ट आहे आणि ग्रंथकाराने ती मुद्दाम विणली आहे. पितृत्व मात्र त्यातून सिद्ध होत नाही. उद्या एखाद्या जुन्या पोथीत विदुर शतशृंगाला गेल्याचा एक श्लोक निघाला आणि तो प्रक्षिप्त नाही असे ठरले, तर मी हे प्रकरण पुन्हा उघडीन.