‘उदास वाटतंय’ म्हणजे नेमकं कुठे?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातल्या काही पुनरुक्ती तेवढ्या कमी केल्या आहेत.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. एआयने चित्र तर पटकन होतं, पण क्लायंट म्हणतो ‘मजा नाही आली’, आणि मग चार दिवस आपण नुसते फिरत राहतो. यावर काय करायचं? आज त्यावरच बोलू. आणि हे मी माझी स्वतःची एक चूक सांगून बोलणार आहे, कारण पद्धत मला त्या चुकीतूनच सापडली.

काम होतं दिवाळीच्या फराळाच्या डब्याचं. घरून फराळ करून विकणाऱ्या एक काकू आहेत, त्यांच्या डब्याच्या झाकणावर चित्र हवं होतं. वाड्याचा चौक, आजी बसलेली, नातीच्या हातात चकली देते आहे. मी माझ्या कॉम्प्युटरवर स्टेबल डिफ्यूजन वापरते, कम्फीयूआयमधून. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात एक चित्र बरं आलं, ते व्हॉट्सॲपवर पाठवलं. काकूंचा लगेच फोन. ‘अगं, ही आजी तर आमच्या सासूबाईंसारखी दिसते! त्यांच्याच हातचं सगळं शिकले मी.’ सासूबाई काही वर्षांपूर्वी गेल्या. चेहरा योगायोगाने तसा आला होता. आणि त्याच फोनमध्ये पुढे, ‘फक्त एकूण जरा उदास वाटतंय गं. आणि ती साडी आपली नाही वाटत.’

मी काय केलं? प्रॉम्प्टमध्ये ‘आनंदी’, ‘उजळ’, ‘सणासुदीचं’ असे चार शब्द घातले आणि पुन्हा चालवलं. चित्र उजळ आलं, छान आलं, पण आजी दुसरीच आली! काकूंना पाठवलं तर पलीकडून बराच वेळ काही उत्तर नाही. मग एवढंच आलं, ‘ती पहिली कुठे गेली?’

इथे दोन गोष्टी सांगते. कम्फीयूआय जी पीएनजी फाइल साठवतं, तिच्या आतच प्रॉम्प्ट, `seed` आणि सगळी मांडणी लिहिलेली असते. फाइल परत कम्फीयूआयच्या खिडकीत ओढून टाकली की सगळं उघडतं. पण डिस्क भरली म्हणून मी जुन्या फाइली उडवल्या होत्या. उरली होती व्हॉट्सॲपची प्रत, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की चित्र लहान होतं आणि आतली ही माहिती जाते. दुसरं म्हणजे, `seed` हातात असता तरी नुसते शब्द बदलून तोच चेहरा आला असता असं नाही. `seed` सारखा ठेवला तर सुरुवातीचा गोंगाट सारखा राहतो, पण प्रॉम्प्टमधला एक शब्द बदलला तरी त्याचा परिणाम अख्ख्या चित्रावर होतो. म्हणून चित्रातली एखादी गोष्ट क्लायंटला आवडली की तिथून पुढे पूर्ण चित्र पुन्हा काढायचं नाही. जिथे बदल हवा तेवढाच भाग मास्क करून रंगवायचा.

पण कुठे मास्क करायचं? ‘उदास’ कुठे असतं?

म्हणून मी ती प्रत ए-फोरवर छापली आणि काकूंकडे घेऊन गेले. लाल पेन दिलं. म्हटलं, ‘जिथे खटकतंय तिथे आकडा घाला. मग प्रत्येक आकड्यापुढे मला तीन गोष्टी सांगा. इथे काय दिसतंय, काय हवं, आणि कशाला हात लावायचा नाही.’ या तीन प्रश्नांचा क्रम मुद्दाम आहे. आधी ‘काय हवं’ विचारलं की माणूस उपाय सांगतो, ‘रंग वाढव’, ‘मोठं कर’. आधी ‘काय दिसतंय’ विचारलं की खरी तक्रार बाहेर येते.

सात आकडे पडले. मला वाटत होतं, उदासपणाचा आकडा आजीच्या चेहऱ्यावर येईल. आलाच नाही. ४ नंबर पडला मागच्या भिंतीवर! काय दिसतंय? ‘भिंत निळसर आहे, दिवेलागण होऊन गेल्यावर घरात कोणी दिवा लावला नाही असं.’ काय हवं? ‘अभ्यंगस्नानाची पहाट. पणत्यांचा उजेड.’ चेहऱ्यापुढे काकूंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हात लावायचा नाही.’ म्हणजे मी ज्या भिंतीपायी चेहरा घालवला, ती तक्रार चेहऱ्याची नव्हतीच.

बाकीचे आकडे असे. १ चकलीवर, ‘ही जिलेबी आहे’. २ साडीवर. ३ आजीच्या हातावर, सहा बोटं. ५ आकाशकंदिलावर, ‘हा चिनी हॉटेलातला’. ६ डब्यावरच्या अक्षरांवर, जी देवनागरीसारखी दिसत होती पण वाचता येत नव्हती. ७ वरच्या रिकाम्या कोपऱ्यावर, ‘इथे मोकळं वाटतंय’.

घरी आल्यावर मी या सातांच्या तीन वाट्या केल्या. पहिली वाटी, मास्क आणि प्रॉम्प्ट: १, २, ३, ४, ५. दुसरी, हाताने करायचं: ६. अक्षरं मॉडेलकडून काढून घेण्यात वेळ घालवू नका, डबा कोरा करून घ्या आणि नाव नंतर फॉन्टने टाका. तिसरी वाटी, बदलायचं नाही पण उत्तर द्यायचं: ७. तो कोपरा लोगोसाठी सोडला होता. मी तिथे लोगो ठेवून दाखवला, विषय संपला. तो प्रॉम्प्टमध्ये नेला असता तर तिथे झेंडूची माळ आली असती आणि लोगोला जागा उरली नसती.

आता क्रम. आकडे १ ते ७ असले तरी काम त्या क्रमाने करायचं नाही. आधी उजेड, मग मोठ्या वस्तू, शेवटी बारीक. उजेड बदलला की साडीचा आणि चकलीचा रंग त्याच्याशी जुळवावा लागतो. म्हणून आधी ४. भिंत मास्क केली, आणि प्रॉम्प्टमध्ये ‘आनंदी’ वगैरे काही नाही. भावना लिहायची नाही, ती ज्याने तयार होते ती वस्तू लिहायची:

```
old mud-plastered wall, before dawn,
warm orange light from small oil lamps placed low on the left
```

मग साडी, २ नंबर. काकूंनी लिहिलं होतं, ‘पदर पुढे आलाय, गुजराती वाटते.’ हवा होता डाव्या खांद्यावरून मागे गेलेला पदर, नऊवारी, हिरवी. इथे मॉडेलचं डावं-उजवं फार चुकतं. शब्दांनी भांडण्यापेक्षा मी मास्कच्या आत पदराच्या दिशेने हिरव्या रंगाचा एक जाड फटकारा मारला आणि मग चालवलं:

```
dark green cotton nauvari sari, narrow red border,
sari end going over the shoulder and behind the back,
warm lamp light from low left
```

`denoise` ठेवलं ०.६. हा आकडा म्हणजे जुनं चित्र किती पुसायचं. फार कमी ठेवलं तर जुना पदर तसाच राहतो, फार जास्त ठेवलं तर माझा फटकाराही पुसला जातो. पोत तेवढा सुधारायचा असेल तर मी ०.३५ च्या आसपास ठेवते, वस्तूच बदलायची असेल तर ०.७ किंवा वर. तुमच्या मॉडेलवर हे थोडं मागेपुढे होईल.

चकली. ‘जिलेबी नको’ असं प्रॉम्प्टमध्ये लिहिलंत तर बहुतेक वेळा जिलेबीच येते, कारण नकार मॉडेलला नीट कळत नाही, जिलेबी हा शब्द मात्र कळतो. आणि ‘चकली’ म्हटलं तर माझ्या मॉडेलला ती धड माहीत नव्हती. मग कधीच चकली न पाहिलेल्या माणसाला फोनवर सांगावं तसं सांगायचं:

```
round coiled deep-fried snack, three tight rings,
ridged surface with small sharp spikes,
dry matte golden brown, crisp
```

‘ड्राय’ आणि ‘मॅट’ या दोन शब्दांनी पाक गेला. जिलेबी वाटत होती ती त्या चकाकीमुळे. काकूंच्या ‘काय दिसतंय’मध्ये ‘ओली, चकचकीत’ असं लिहिलं होतं, मी ते फक्त उलटं केलं. बघा, प्रॉम्प्टचा शब्द क्लायंटच्याच वाक्यात असतो. कंदिलाचंही तसंच, सहा बाजूंचा कागदी, खाली कागदी शेपट्या. बोटं सगळ्यात शेवटी, लहान मास्क, आणि चार-पाच प्रयत्नांतून एक निवडलं.

एक गोष्ट मात्र मला उशिरा दिसली. तीन-चार मास्क झाल्यावर आजीचा चेहरा किंचित मऊ, धुरकट झाला, आणि त्याला तर मी हातही लावला नव्हता! कारण दर वेळी अख्खं चित्र मॉडेलच्या आतल्या रूपात जातं आणि परत येतं, त्यात मास्कबाहेरचंही थोडं थोडं झिजतं. ओळखायचं कसं? पहिलं आणि शेवटचं चित्र एकावर एक ठेवून झटपट आलटून पालटून बघा. उपाय सोपा आहे. प्रत्येक फेरीतून फक्त बदललेला तुकडा घ्यायचा आणि फोटो एडिटरमध्ये मूळ चित्रावर थर म्हणून ठेवायचा. मी तेच केलं. व्हॉट्सॲपच्या प्रतीतला चेहरा मोठा करून तळाशी ठेवला, त्याच्या एका गालावरचा निळसर रंग हाताने उबदार केला, बाकी सगळं त्याच्याभोवती नवीन.

दुसऱ्या फेरीत जुने आकडे बदलू नका. काकूंची नवीन तक्रार आली ती ८ नंबर, नातीच्या बांगड्या. तेव्हाही ३ म्हणजे बोटंच. परत पाठवताना मी प्रत्येक आकड्यापुढे तीनपैकी एक लिहिते. झालं, हाताने करणार, किंवा तसंच ठेवलं आणि का. यामुळे क्लायंटला आपलं म्हणणं कुठे गेलं ते दिसतं, आणि ‘आणखी एक छोटासा बदल’ हा नवीन आहे की जुना, यावर वाद होत नाही. पैशांच्या बोलण्यातही हा कागद कामी येतो.

या पद्धतीची मर्यादाही सांगते. आकडा जागा दाखवतो. पण तक्रार मांडणीचीच असेल, म्हणजे आजी उभी हवी होती, कॅमेरा वरून हवा होता, तर मास्कने ते होत नाही. समजा, दहा आकडे पडले आणि त्यातले सात एकमेकांना चिकटून आहेत, तर ते सात बदल नाहीत, तो एकच आहे. चित्र नव्याने काढा. फक्त त्याआधी विचारा, ‘यातलं काय गेलं तर तुम्हाला वाईट वाटेल?’

मी तो प्रश्न आधी विचारला नव्हता. आता प्रत्येक कामात पहिला आकडा पडायच्या आत विचारते, आणि जे सांगतील त्याभोवती हिरव्या पेनाने गोल करते. काकूंच्या त्या कागदावर असा एकच गोल आहे. कागद त्यांनी परत दिला नाही, डब्यांच्या कपाटाच्या दारावर चिकटवलाय.

चला, आज इथेच थांबू. तुमच्याकडे क्लायंटने दिलेला असा एखादा गोंधळात टाकणारा शब्द असेल, ‘मजा नाही’, ‘पंच नाही’, ‘आपलं वाटत नाही’, तर जरूर पाठवा. मात्र त्यासोबत चित्रही पाठवा, आणि त्यावर आकडा घालून! भेटू पुढच्या भागात.