निष्क्रिय प्लगइनची जोखीम : वर्डप्रेसवरील व्यावसायिक संकेतस्थळाचे संरक्षण

वर्डप्रेसवर उभारलेले संकेतस्थळ तीन प्रकारच्या कोडचे बनलेले असते. 'कोअर' म्हणजे मूळ वर्डप्रेस, 'थीम' म्हणजे त्याचे बाह्य रूप ठरवणारा भाग आणि 'प्लगइन' म्हणजे चौकशीचा फॉर्म, दुकानाची टोपली, बॅकअप अशा एकेका कामासाठी वरून बसवलेला जोडभाग. या तिघांमध्ये सर्व्हरवर कोणतीही भिंत नसते, हे संरक्षणाचा विचार करताना सर्वप्रथम ध्यानात घ्यावे लागते. ज्या अधिकाराने कोअरचा पीएचपी कोड चालतो त्याच अधिकाराने प्लगइनचा कोडही चालतो, आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्या wp-config.php या फाइलमध्ये असतो ती फाइल एखादा क्षुल्लक वाटणारा प्लगइनही वाचू शकतो. म्हणूनच प्लगइनची निवड हा सोयीचा नव्हे, तर विश्वासाचा प्रश्न ठरतो.

हा विश्वास कसा फसतो, हे 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगइनच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. संकेतस्थळाच्या फाइली वर्डप्रेसच्या व्यवस्थापन पानावरूनच हाताळण्याची सोय देणारा हा प्लगइन २०२० मध्ये सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर सक्रिय होता. त्याच्या पोटात 'एलफाइंडर' ही मुक्त स्रोत लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोडसंच, वापरलेली होती. या लायब्ररीसोबत connector.minimal.php.dist ही नमुन्याची फाइल येते आणि तिच्या शेवटी .dist असल्यामुळे सर्व्हर ती एरवी पीएचपी म्हणून चालवत नाही. प्लगइनमध्ये मात्र ते शेपूट काढून फाइलचे नाव connector.minimal.php असे करण्यात आले, आणि त्यामुळे ती थेट चालू लागली. विनंती करणारा कोण, त्याने लॉगिन केले आहे काय, याची कोणतीही तपासणी त्या फाइलमध्ये नव्हती. परिणामी ६.० ते ६.८ या आवृत्त्या असलेल्या संकेतस्थळावर कोणताही अनोळखी मनुष्य wp-content/plugins/wp-file-manager/lib/files/ या फोल्डरमध्ये आपली पीएचपी फाइल चढवू शकत होता आणि ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडून ती चालवू शकत होता. दुरुस्त केलेली ६.९ ही आवृत्ती १ सप्टेंबर २०२० रोजी आली, परंतु हल्ले त्याआधीच सुरू झाले होते. काही हल्लेखोरांनी तर आत शिरल्यावर त्याच फाइलला स्वतःचा पासवर्ड लावला, जेणेकरून दुसऱ्या हल्लेखोराला तीच वाट वापरता येऊ नये.

या घटनेचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित धडा 'निष्क्रिय' या शब्दात आहे. व्यवस्थापन पानावर प्लगइन निष्क्रिय केला की वर्डप्रेस तो वापरणे थांबवते, पण त्याच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात, आणि सदोष फाइल वर्डप्रेसला वगळून थेट उघडता येत असल्यामुळे तिला या निष्क्रियतेने काहीही फरक पडत नाही. एकदा फाइल बदलण्यासाठी बसवलेला आणि नंतर विसरलेला प्लगइन म्हणजे सर्व्हरवर पडून राहिलेला परका कोड होय. तो निष्क्रिय करणे पुरेसे नाही, काढूनच टाकला पाहिजे. नवा प्लगइन निवडतानाही वापरकर्त्यांच्या मोठ्या संख्येवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण फाइल मॅनेजरची संख्याही मोठीच होती. त्यापेक्षा हा प्लगइन अनोळखी माणसाकडून काय स्वीकारतो, फाइली लिहिण्याचे किंवा कोड चालवण्याचे सामर्थ्य त्यात आहे काय, आणि तेच काम होस्टिंगच्या पॅनेलवरून किंवा एसएफटीपीने होणार नाही काय, हे प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

प्लगइन आणि थीम आपोआप अद्ययावत करण्याची सोय वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीत, म्हणजे या घटनेच्या अवघे तीन आठवडे आधी, ११ ऑगस्ट २०२० रोजी आली. ती प्रत्येक प्लगइनसाठी मुद्दाम सुरू करावी लागते. वर्डप्रेस नव्या आवृत्त्यांची चौकशी साधारणतः दिवसातून दोनदा करते. मात्र ही चौकशी ज्या अंतर्गत वेळापत्रकावर चालते ते कोणी संकेतस्थळ उघडले तरच पुढे सरकते, म्हणून कमी वर्दळीच्या संकेतस्थळावर ते काम सर्व्हरच्या स्वतंत्र 'क्रॉन'कडे सोपवणे श्रेयस्कर असते. आपोआप अद्ययावत झाल्याने एखादे पान मोडण्याची भीती खरी आहे, पण बहुतेक छोट्या व्यवसायांसाठी एक दिवस मोडलेले पान हे महिनाभर उघड्या राहिलेल्या भगदाडापेक्षा स्वस्त पडते.

लॉगिनचे संरक्षण वेगळ्या प्रकारच्या हल्ल्यासाठी असते. wp-login.php वर यंत्राद्वारे हजारो पासवर्ड वापरून पाहणे हा नित्याचा प्रकार आहे, आणि त्यावर चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा तसेच द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज मोबाइलवरील दर तीस सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड, हे दोन उपाय परिणामकारक ठरतात. जिचा उपयोग होत नाही ती xmlrpc.php ही जुनी वाटही बंद करावी, कारण तिथूनही पासवर्ड आजमावता येतात. लेख लिहिणाऱ्याला 'एडिटर' आणि मागण्या हाताळणाऱ्याला दुकानाच्या व्यवस्थापकाची भूमिका पुरेशी असताना सर्वांनाच 'अॅडमिनिस्ट्रेटर' करू नये. तथापि यांपैकी एकाही उपायाने फाइल मॅनेजरमधून होणारी घुसखोरी थांबली नसती, कारण ती लॉगिनच्या पानाकडे फिरकतच नव्हती.

घुसखोरी झाली आहे की नाही हे ओळखण्यासाठी, सर्व्हरवर 'डब्ल्यूपी-सीएलआय' हे आज्ञासाधन उपलब्ध असल्यास, पुढील दोन आज्ञा देता येतात.

```
wp core verify-checksums
wp plugin verify-checksums --all
```

'चेकसम' म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. सर्व्हरवरील फाइलींचे ठसे wordpress.org वरील मूळ ठशांशी ताडून बदललेली किंवा नव्याने आलेली फाइल या आज्ञा दाखवतात. lib/files/ मध्ये चढवलेली परकी फाइल अशा तपासणीत उघड होते. विकत घेतलेले प्लगइन, थीम आणि uploads हे फोल्डर मात्र या तपासणीबाहेर राहतात. शिवाय फाइल मॅनेजरची सदोष ६.८ आवृत्ती जशीच्या तशी असती, तर ती या परीक्षेत निर्दोष ठरली असती, कारण कोड बदललेला नाही एवढेच ठसा सांगतो, कोड सुरक्षित आहे असे सांगत नाही.

घुसखोरी उशिरा ध्यानात आली, की बॅकअपचे गणितही बिघडते. समजा, एका ऑनलाइन दुकानाचा रोज बॅकअप होतो आणि मागील चौदा दिवसांच्या प्रती ठेवल्या जातात. घुसखोरी २ सप्टेंबरला झाली आणि गूगलमध्ये दुकानाच्या नावाखाली भलतीच पाने दिसू लागल्यावर ती २० सप्टेंबरला ध्यानात आली. तोवर सर्वांत जुनी प्रतही ६ सप्टेंबरची, म्हणजे दूषितच, असते. सात दैनिक, चार साप्ताहिक आणि सहा मासिक प्रती ठेवल्या असत्या, तर ऑगस्टमधील स्वच्छ प्रत हाती राहिली असती. या प्रती त्याच सर्व्हरवर असू नयेत, कारण आत आलेला माणूस त्या पुसू शकतो.

पण ऑगस्टची प्रत जशीच्या तशी परत बसवली, तर सप्टेंबरच्या सगळ्या मागण्या नाहीशा होतात. म्हणून फाइली आणि डेटाबेस वेगळे हाताळावे लागतात. तपासासाठी सद्यःस्थितीची एक प्रत बाजूला काढून कोअर, थीम आणि आवश्यक तेवढे प्लगइन मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवावेत, uploads मधील छायाचित्रे ठेवून तिथे सापडलेली प्रत्येक पीएचपी फाइल संशयित मानावी, आणि डेटाबेस मात्र ताजाच ठेवून त्यातील अनोळखी अॅडमिनिस्ट्रेटर तसेच पानांत घुसवलेल्या स्क्रिप्ट शोधून काढाव्यात. त्यानंतर डेटाबेसचा आणि सर्व अॅडमिनिस्ट्रेटरांचा पासवर्ड बदलून पुढील आज्ञेने wp-config.php मधील गुप्त किल्ल्या बदलल्या, की चोरलेल्या कुकीच्या आधारे उघडी राहिलेली सर्व लॉगिन तत्काळ रद्द होतात.

```
wp config shuffle-salts
```