विडी, दारू आणि न भरणारी जखम



असे समजा, की परभणीच्या एखाद्या शिवारात ज्वारीची काढणी चालली आहे. घाईत विळा निसटतो आणि नडगीवर दोन बोटे लांबीची जखम होते. एकाच आठवड्यात दोघा सख्ख्या भावांना असेच लागले. दोघांनी दवाखान्यात जखम धुऊन घेतली, टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शनही घेतले. थोरल्याची जखम दोन आठवड्यांत मिटली. धाकट्याच्या जखमेची कड मात्र काळपट पडली, टाके काढल्यावर ती उकलली आणि पाणी गळू लागले. औषध एकच, मग फरक कशाने पडला? धाकटा दिवसाला २० विड्या ओढतो आणि संध्याकाळी दारूही घेतो.

जखम भरते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. पहिले तीन-चार दिवस रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि जंतू व मेलेले मांस साफ करतात. मग विणकाम सुरू होते. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार होऊन जखमेच्या दोन्ही कडा सांधल्या जातात. आपल्या कातडीला घट्टपणा देणारा धागाही हाच. तो पक्का व्हायला दोन गोष्टी लागतात : रक्तातून येणारा प्राणवायू आणि आवळा, पेरू, लिंबू यांतून मिळणारे क जीवनसत्त्व.

विडी नेमकी या दोन्हींवर घाला घालते. तिच्यातील निकोटिनमुळे कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. क जीवनसत्त्वही धुरामुळे लवकर खर्ची पडते. एकदा धूम्रपान केले, की कातडीखालचा प्राणवायू सुमारे पाऊण तास कमी राहतो, असे सिगारेटवरील प्रयोगांत मोजले गेले आहे. आता हिशेब करा. जागेपणाचे १६ तास म्हणजे ९६० मिनिटे. त्यांत २० विड्या, म्हणजे दर ४८ मिनिटांना एक. पहिलीचा परिणाम ओसरतो न ओसरतो तोच दुसरी पेटते. धाकट्याच्या जखमेला दिवसभर मोकळा श्वास मिळालाच नाही. शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर मांडावा.

जखमेत जे पंधरा दिवसांत दिसते, तेच चेहऱ्यावर पंधरा वर्षांत दिसते. धुरामुळे नवे कोलॅजन कमी बनते आणि जुने लवकर तुटते. म्हणून ओठांभोवती व डोळ्यांच्या कडांना वयाआधी सुरकुत्या पडतात, चेहरा राखेसारखा निस्तेज होतो, ओठ काळवंडतात.

दारूची वाट निराळी. ती लघवीवाटे अंगातले पाणी काढते, म्हणून कातडी कोरडी पडते. चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या फुगतात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, पण डोळे तांबारतात आणि चेहरा सुजल्यासारखा वाटतो. जखमेच्या बाबतीत ती पांढऱ्या पेशींना सुस्त करते, त्यामुळे साफसफाई रेंगाळते आणि पू धरतो. शिवाय पिणाऱ्याचे जेवण सुटते, मग विणकामाला प्रथिने कोठून यावीत? जखमेवर तंबाखू दाबणे किंवा दारू ओतणे हेही करू नका. तंबाखूबरोबर घाण आत जाते आणि दारूने ताजे मांस भाजते.

आता सोडल्यावर काय सुधारते? विडी थांबली, की साधारण एका दिवसात रक्तातला तो विषारी वायू बहुतेक निघून जातो. चार आठवड्यांत जखमेत जंतू धरण्याचे प्रमाण घटते. म्हणूनच ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे विडी आणि दारू बंद ठेवायला डॉक्टर सांगतात. धाग्याचे विणकाम मात्र सावकाश सुधारते. तेवढ्या मुदतीत ते पुरते पूर्वपदावर येत नाही. चेहऱ्याचा निस्तेजपणा काही आठवड्यांत उतरू लागतो. खोल गेलेल्या सुरकुत्या पुसल्या जात नाहीत, पण पुढची झीज मंदावते. दारू थांबल्यावर चेहऱ्याची सूज आणि कातडीचा कोरडेपणा लवकर कमी होतो. डोळे पिवळे दिसत असतील, तर तो यकृताचा आजार असू शकतो. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे लागेल.

एक सावधगिरी सांगतो. विडी आज, आत्ता सोडली तरी धोका नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याने दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भ्रम, प्रसंगी झटके येऊ शकतात. अशाने सरकारी दवाखान्यात दाखवून, औषधाच्या आधारानेच ती सोडावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००११२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

आणि धाकट्याचे काय? त्याने उकललेली जखम रोज स्वच्छ करून घ्यावी, साखरेची तपासणी करावी, आणि जखम भरेपर्यंत तरी विडी पेटवू नये. दोन आठवड्यांत जखम लहान होताना दिसली नाही, कडेची लाली पसरली किंवा ताप आला, तर दवाखाना लांबणीवर टाकू नये.