कुलर, तीन पिनांचा प्लग आणि परीक्षेची कार्डं



इलेक्ट्रिशियनच्या परीक्षेसाठी पोरं कार्डं करतात. समोर प्रश्न, मागे उत्तर. पुठ्ठा विकत आणायची गरज नसते, अचलपुरात लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचा ढीग असतोच. त्यातली दोनतीन कार्डंच मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे, कारण ती आपल्या उन्हाळ्याची आहेत. वैशाखात ज्या घरात कुलर चालतो, त्या प्रत्येक घराचा त्यांच्याशी संबंध आहे.

पहिलं कार्ड. समोर लिहिलेलं असतं : ‘तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन लांब आणि जाड का?’ मागे उत्तर : ‘लांब, म्हणजे लावताना अर्थ आधी जोडला जातो आणि काढताना शेवटी सुटतो. जाड, म्हणजे ती चुकून फेजच्या भोकात जात नाही.’ पेपर चार पर्यायांचा असतो, तेवढ्यावर गुण मिळतो. पण मी पोरांना या कार्डावर तिसरी ओळ लिहायला लावतो. तिच्या सुरुवातीला आपला वऱ्हाडी प्रश्न : ‘काहून?’ अर्थ आधी जोडायचा तो काहून? तर उपकरणाच्या लोखंडी अंगावर फेज उतरला असेल, तर त्याला जमिनीत जायची वाट आधी तयार हवी. हात लावणारा माणूस ती वाट होता कामा नये.

आता ही लांब जाड पिन सॉकेटमध्ये गेली, पण सॉकेटच्या मागे हिरवी तार आहे का? आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांत नाही. लाल आली, काळी आली, हिरवी आलीच नाही. मग कोणी हुशार माणूस सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ या दोन टर्मिनलांमध्ये तारेचा लहानसा तुकडा टाकतो. त्याचं म्हणणं असं की न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जोडलेला असतो, तेव्हा अर्थिंग झालंच. ऐकायला बरोबर वाटतं, आणि न्यूट्रल शाबूत आहे तोवर कुलर गुमान चालतोही. म्हणूनच हा तुकडा वर्षानुवर्षं सापडत नाही.

इथे दुसरं कार्ड लागतं : ‘टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. दोष कोणता?’ उत्तर : ‘न्यूट्रल तुटलेला आहे.’ काहून? घरात कुठेतरी एखादा दिवा किंवा पंखा चालू स्थितीत असतो. फेज त्याच्यातून पलीकडे जातो, पण पुढे न्यूट्रलची वाट बंद असल्यामुळे परत जाऊ शकत नाही. म्हणून तुटलेल्या जागेपासून अलीकडची सगळी काळी तार फेजच्याच दाबावर येते. टेस्टरच्या आत फार मोठा रोध असतो. त्याच्यापुढे दिव्याचा रोध काहीच नाही, म्हणून तो काळ्या तारेवरही झळझळीत पेटतो. घरात मात्र सगळं बंद पडलेलं दिसतं. लोक म्हणतात, लाईन गेली.

ही दोन कार्डं आता शेजारी शेजारी ठेवा. सॉकेटमध्ये तो तुकडा आहे आणि मीटरजवळच्या जोडात न्यूट्रल सैल होऊन सुटला आहे. काळी तार २३० व्होल्टच्या आसपास आली. तुकड्यातून तोच दाब अर्थच्या पिनेवर आला, पिनेतून कुलरच्या पत्र्यावर. कुलर फिरत नाही, पाणी पडत नाही. घरातलं माणूस म्हणतं, लाईन नाहीच, तोवर पाणी भरून घेऊ. बादली घेऊन ओल्या फरशीवर, अनवाणी, पत्र्याला हात लावून उभं राहतं. कुलरचा स्वतःचा स्विच बंद असला तरी फरक पडत नाही. दुसऱ्या खोलीतला एखादा पंखा चालू ठेवलेला असला की पुरे.

आकडा काढून पाहू. कुलर २०० वॅटचा धरू. २३० चा वर्ग भागिले २०० म्हणजे त्याचा रोध साधारण २६५ ओहम. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार ओहम धरू. मोटार गणितापुरती साधा रोध मानली, तर २३० भागिले १२६५, म्हणजे सुमारे १८० मिलीअँपिअर. एवढ्याने हृदयाची लय बिघडू शकते. आणि एमसीबी? ६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह तिच्या क्षमतेच्या तिसाव्या हिश्शाइतकाही नाही. ती पडणारच नाही. तिचं काम तार जळू न देण्याचं आहे, माणूस वाचवण्याचं नाही. हे वाक्य वेगळ्या कार्डावर लिहा, कारण घरमालक हमखास म्हणतो, ‘आमच्याकडे एमसीबी आहे ना!’

तो तुकडा ओळखायचा कसा? सॉकेटमध्ये टेस्टर घालून ओळखता येत नाही, न्यूट्रल शाबूत असताना सगळं ठीकच दिसतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच बंद करा. सगळे प्लग काढा. आधी टेस्टर चालू लाईनवर पेटवून पाहिलेला असावा, मग काम करायच्या जागी तपासावा, आणि पुन्हा एकदा चालू लाईनवर. मधल्या वेळात तो बिघडला नाही ना, हे कळायला दुसरा मार्ग नाही. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांत लावा. वाचन शून्याजवळ आलं तर झाकण उघडा, बहुधा तुकडा आतच असेल. तो काढा, आणि तेवढ्यावर थांबू नका. खरी हिरवी तार अर्थिंगच्या खड्ड्यापासून आणावी लागते.

आणि खड्डाही उन्हाळ्यात दगा देतो. हे तिसरं कार्ड. पुस्तकात असतं, पाईप अडीच मीटर खोल, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं. आपली काळी माती वैशाखात भेगाळते, पाईपपासून सुटते, वरचा भाग कोरडा होतो, आणि अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो ४० ओहम झाला आणि कुलरच्या पंपाची तार सोलून पत्र्याला लागली. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा अँपिअर. ६ अँपिअरची एमसीबी तशीच उभी राहते, आणि पत्रा जवळजवळ पूर्ण दाबावर राहतो. म्हणजे हिरवी तार आहे, पिन लांब आहे, सगळं पुस्तकाप्रमाणे आहे, आणि तरी झटका. म्हणून नरसाळ्यात पाणी घालणं हे कोणाच्या तरी नावावर टाकलेलं काम असावं. आमच्याकडे ते सगळ्यांचं असतं, म्हणजे कोणाचंच नसतं.

याच ठिकाणी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी कामाला येते. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तोलते, आणि फरक पडला की तोडते. पावणेसहा अँपिअर गळतीवर ती लगेच पडेल. मघाच्या तुटलेल्या न्यूट्रलच्या गोष्टीतही तुटलेली जागा आरसीसीबीच्या अलीकडे असो वा पलीकडे, माणसातून जमिनीत गेलेला प्रवाह तिला फरक म्हणून दिसतोच. पण ती झटका लागूच देत नाही असं समजू नका. झटका लागतो, फक्त तो लवकर तुटतो.

तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर आरसीसीबी पडली, तर तिची यंत्रणा चालू आहे एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही, हे त्या बटणाने कळत नाही, कारण ते आतल्या आतच खोटी गळती तयार करतं. या प्रश्नावर चांगले अभ्यासू उमेदवारही चुकतात. कार्डाच्या मागे लिहून ठेवा : अर्थिंगसाठी अर्थ टेस्टर, आणि मोजणी पावसाळ्यात नव्हे, वैशाखात.