ओळखपत्रावरचा चेहरा



आमच्या शेजारच्या काकूंना लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचे होते. व्हिसासाठी काढून आणलेला फोटो हाती घेऊन त्या म्हणाल्या, "अगबाई, ही मी की माझी आजेसासू?" डोळ्यांखाली खड्डे, कपाळावर चकाकी, आणि पांढरे पातळ मागच्या पांढऱ्या पडद्यात असे मिसळलेले, की नुसते मुंडकेच तरंगत होते!

ते खड्डे वयाचे नव्हते. दिवा डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाची ओठावर. म्हणून आम्ही दुसरा फोटो घरीच काढला. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट आत येत नाही अशा खिडकीकडे तोंड करून काकूंना स्टुलावर बसविले. मागे पांढरी भिंत होती, पण तिच्यापासून दोन-तीन फूट पुढे. भिंतीला चिकटून बसले की मागे काळी सावली उमटते. मांडीवर पांढरी चादर पसरली. खालून उजेड परतला आणि हनुवटीखालचा, डोळ्यांखालचा काळोख आपोआप निवळला.

पातळ गडद निळे नेसविले. चेहरा साबणाने धुऊन कोरड्या पंचाने टिपला. कपाळावर केसांचे तेल उतरले की तेच चकाकते. त्यावर पावडर थापू नये. चेहरा पांढरा आणि मान सावळी दिसते. चष्मा दहा मिनिटे आधीच काढून ठेवला, म्हणजे नाकावरचे वळ जातात. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालतच नाही.

फोन डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवरून धरला. अगदी जवळून काढला तर नाक मोठे येते. हा फोटो दोन इंच चौरस लागतो, तो मागाहून कापून घेता येतो. मात्र फोनमधली चेहरा गोरा-गुळगुळीत करण्याची सोय बंद ठेवावी. असा बदललेला फोटो नाकारतात.

राहिली मुद्रा. "हसू नका" म्हटले की आपण बायका रागावल्यासारख्या दिसतो, कारण दात आवळून धरतो! काकूंना मी डोळे मिटून श्वास सोडायला सांगितले. जबडा सैल, ओठ नुसते टेकलेले. मग डोळे उघडायचे, की लगेच फोटो. तिसऱ्या खेपेला तो मनासारखा आला.

मोठ्या माणसांचा पासपोर्टचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात आणि आधारचाही केंद्रावरच. तिथे खिडकी किंवा चादर आपल्या हाती नसते. पण गडद पातळ नेसून, तोंड टिपून जावे, आणि पडद्यावरचा फोटो पाहिल्याखेरीज खुर्चीवरून उठू नये. डोळे अर्धे मिटले असतील तर "दादा, पुन्हा एकदा काढा" एवढे म्हणावे.