रुग्णालयातील थंडावा आणि ऊब : एकाच यंत्राचा दुहेरी हिशेब

रुग्णालयात भर पावसाळ्यातही एकाच वेळी थंड आणि गरम अशा दोन्ही पाण्याची गरज असते. शस्त्रक्रियागृहातील हवा दमट राहून चालत नाही. म्हणून ती प्रथम सुमारे १२ ते १३ अंशांपर्यंत गार करून तिच्यातील ओलावा पाण्याच्या रूपाने गाळून काढतात. इतकी गार हवा तशीच आत सोडली, तर रुग्ण गारठेल. म्हणून ती पुन्हा थोडी तापवावी लागते. शिवाय स्नान, स्वयंपाकघर आणि धुलाईघर यांनाही गरम पाणी लागतेच.

साधारण रिवाज असा की, चिलर हवेतून काढलेली उष्णता कूलिंग टॉवरवाटे आकाशात सोडून देतो आणि शेजारच्या खोलीत बॉयलर तेल जाळून नवी उष्णता निर्माण करतो. टॉवर आणि बॉयलर एकाच वेळी चालू दिसले, की तेथे काही तरी वाया जात आहे असे खुशाल समजावे. उष्णता-पुनर्प्राप्ती चिलर हीच टाकाऊ उष्णता कंडेन्सरमधील पाण्यात घेतो आणि ते पाणी ५० अंशांच्या आसपास तापवून देतो.

यातील हिशेब सोपा आहे. थंडाव्यासाठी काढलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, यांची बेरीज गरम पाण्यात उतरते. उदाहरणादाखल, १५० किलोवॉट थंडावा देताना यंत्राने ५० किलोवॉट वीज घेतली, तर २०० किलोवॉट ऊब मिळते. अर्थात ऊब आणि थंडावा ही एकाच यंत्राची जुळी फळे होत; एक वाढवून दुसरे कमी करता येत नाही. समतोलाचा सारा प्रश्न येथेच उभा राहतो.

किनारपट्टीवरील एखादे अडीचशे खाटांचे रुग्णालय कल्पावे. दुपारी त्याला ६०० किलोवॉट थंडावा हवा, ऊब मात्र २०० किलोवॉटच. अशा वेळी यंत्राची सूत्रे उबेच्या हाती द्यावीत, म्हणजे जी गरज लहान आहे तिच्या हाती. यंत्र गरम पाण्याचे तापमान राखील. त्यातून आपोआप १५० किलोवॉट थंडावा मिळेल आणि उरलेला ४५० मुख्य चिलर देतील. याकरिता हे यंत्र परतीच्या थंड पाण्याच्या नळावर, मुख्य चिलरच्या अगोदर बसवावे. ते परतीचे पाणी थोडे गार करून पुढे पाठविते आणि अखेरचे ७ अंश साधण्याचे काम मुख्य चिलरकडे राहते. दोन्ही यंत्रांना थंड पाण्याचेच तापमान सांभाळावयास सांगितले, तर ती एकमेकांवर कुरघोडी करतात आणि पाणी कधी फार गार, कधी कोमट येते.

उबेची गरज मात्र दिवसभर सारखी नसते. रात्री तीनच्या सुमारास ती ८० किलोवॉटवर उतरते आणि सकाळी सहा ते आठ या स्नानाच्या वेळी ३०० वर चढते. मोठे यंत्र घेऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मोठे यंत्र बाकीच्या वेळी वारंवार बंद-चालू होत राहील. त्याऐवजी २० हजार लिटरची टाकी ठेवावी. तिच्यातील पाणी ४० वरून ५० अंशांवर नेले, की सुमारे २३० युनिट उष्णता साठते. रात्री तीन ते पाच या वेळात यंत्राची शिल्लक १२० किलोवॉट उष्णता ती जवळजवळ भरून टाकते आणि सकाळच्या दोन तासांतील २०० युनिटांची तूट त्यातून भागते.

टाकीतील पाणी बंद फेऱ्यातले असावे. पिण्याचे व स्नानाचे पाणी त्यात मिसळू नये. स्नानाचे पाणी लेजिओनेला जंतूंच्या भयाने ६० अंशांवर साठवितात. यंत्राकडून थेट ६० अंशांहून अधिक गरम पाणी मागणे परवडत नाही, कारण कंडेन्सरमधील दाब चढतो आणि विजेचा खप वाढतो. म्हणून २५ पासून ५० अंशांपर्यंतची मोठी चढण यंत्राने चढवावी आणि वरची छोटी पायरी बॉयलरने.

यंत्र उच्च दाबाने वारंवार बंद पडू लागले, तर बिघाडाच्या शोधात कॉम्प्रेसर उघडण्यापूर्वी परतीच्या गरम पाण्याचे तापमान पाहावे. ते ५० च्या जवळ पोचले असेल, तर उबेला गिऱ्हाईक उरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा यंत्राने भार उतरवावा किंवा शिल्लक उष्णता टॉवरकडे वळवावी. यंत्र चालू राहावे म्हणून कित्येक ठिकाणी हवा उगाच जास्त गार करून पुन्हा तापवितात; कागदावर पुनर्प्राप्ती वाढते आणि विजेचे बिलही. म्हणून गरम पाणी, थंड पाणी आणि वीज यांचे तीन स्वतंत्र मीटर हवेत. पहिल्याचा आकडा इतर दोहोंच्या बेरजेशी जुळला नाही, तर मीटर तरी चुकतो आहे किंवा पाण्याचा प्रवाह तरी.

ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी जानेवारीच्या रात्री हा हिशेब उलटतो. तेथे थंडाव्याची मागणी ६० किलोवॉटवर आली, तर यंत्र फार तर ८० किलोवॉट ऊब देऊ शकते, मग वॉर्डांना कितीही हवी असो. अशा वेळी सूत्रे थंड पाण्याकडे सोपवावीत आणि उबेची तूट बॉयलरने भरून काढावी. या दोन पद्धतींमधील बदल यंत्रचालकाच्या आठवणीवर न ठेवता, दोन्ही पाण्यांच्या तापमानावरून आपोआप व्हावा, अशी योजना बसविण्यापूर्वीच करून घ्यावी लागते.